पंच करायला जागा आहे

ऋषीचं एकच गिऱ्हाईक होतं, आणि त्याचं बाहेर काहीतरी चालू होतं.

हे त्याला कळलं ते एका मंगळवारी दुपारी, वरणभात पोटात स्थिरावत असताना, स्पृहाच्या ऑनलाइन दुकानात डोकावल्यावर. डोकावणं रोजचंच होतं. स्पृहा त्याच्या कॉलेजातली. दोघांनी एकाच कँटीनमधला एकच सामोसा अर्धा अर्धा खाऊन पदवी घेतली आणि पुढे धंदाही एकच काढला. छापून वापरायची पानं विकायची. महिन्याचं नियोजन, घरखर्चाचा तक्ता, पोरांसाठी बेरीज-वजाबाकीच्या वर्कशीट. माल म्हणजे नुसती पीडीएफ. गिऱ्हाईकानं पैसे भरले की ईमेलवर लिंक जाते, त्यानं फाईल उतरवून घ्यायची आणि घरच्या प्रिंटरवर नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापायची. एकदा बनवली की तीच फाईल हजार जणांना विकता येते. ऋषीनं ती एका जणाला विकली होती.

तो एक जण म्हणजे यज्ञेश्वर सहस्रबुद्धे. दर महिन्याच्या सुरुवातीला ते ‘महिन्याचं नियोजन’ विकत घेत. ऋषीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण मनात त्यांचं चित्र पक्कं होतं. पांढरा सदरा, टोकदार पेन्सिल, पानावर प्रेमानं फिरणारा हात. दर आठवड्याला ऋषी ‘आमच्या लाडक्या वाचक परिवारास’ असं पत्र ईमेलनं पाठवायचा. परिवारात तिघे होते. सहस्रबुद्धे, ऋषीचा स्वतःचा दुसरा ईमेल, आणि आई. आईनं दुसऱ्याच पत्रानंतर ‘मला ही पत्रं नकोत’चं बटण दाबलं होतं.

आणि आता स्पृहाच्या ‘सवयींचा तक्ता’ या पानाखाली पाच पिवळे तारे चमकत होते. शेजारी नाव, यज्ञेश्वर सहस्रबुद्धे. खाली अभिप्राय: ‘समास उत्तम. पंच करायला जागा आहे.’

ऋषीच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्याला वरण वाटलं. वरण नव्हतं.

इतक्या महिन्यांत सहस्रबुद्ध्यांनी त्याला एक तारासुद्धा दिला नव्हता. आणि तिला पाच! वर इतकं खासगी वाक्य. ‘पंच करायला जागा आहे.’ असं माणूस कुणाला उगाच लिहीत नाही.

त्यानं स्वतःचं पान उघडून डावीकडचा समास मोजला. फाईलला लावायला पंच मारला असता तर सोमवारच्या सगळ्या तारखांना भोक पडलं असतं. बिचारे सहस्रबुद्धे इतके महिने भोकातल्या सोमवारावर जगत होते आणि एका शब्दानं बोलले नव्हते.

आता या प्रकरणाला घाई का होती, तर वैजनाथमामा. मामाचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा. दोघांत ठराव असा होता की दसऱ्यापर्यंत ऋषीच्या दुकानानं निदान स्वतःचा खर्च काढावा. नाही काढला, तर ऋषीनं दुसऱ्या दिवसापासून गाळ्यावर येऊन बसावं. मामा वाईट नव्हता. पण गाळ्यावर गुळापेक्षा माश्यांना जास्त मान होता, आणि ऋषीला आपली जागा माश्यांच्या खाली लागेल अशी रास्त भीती वाटत होती. गणपती उठून गेले होते. दसरा दिसायला लागला होता.

म्हणून त्यानं घाबरलेला विक्रेता करतो तेच केलं. भाव पाडला. एकशे एकोणपन्नासचं नियोजन नव्याण्णवला, आणि दोन दिवसांत एकोणपन्नासला. जुना भाव वर लाल रेघेनं खोडलेला, म्हणजे गिऱ्हाईकाला आपण किती वाचवलं ते दिसावं. फाईलची आणखी एक प्रत काढायला पैसा लागत नाही, मग भाव कितीही खाली नेता येतो, असा त्याचा हिशोब. भाव एक तृतीयांश केला तर तेवढीच कमाई व्हायला गिऱ्हाईकं तिप्पट हवीत, ही दुसरी बाजू त्याच्या ध्यानात उशिरा आली. यज्ञेश्वर सहस्रबुद्धे तिप्पट होण्याची शक्यता कमी होती. दुकानात कुणी फिरकतच नव्हतं, त्यामुळे भाव पडल्याचंही कुणाला कळलं नाही.

एकाला सोडून. आठवड्याच्या पत्राला त्यांचं उत्तर आलं:

‘महोदय, गेल्या महिन्यात मी हेच पान एकशे एकोणपन्नास रुपयांस घेतले. आज ते एकोणपन्नास. म्हणजे एकतर तुम्ही तेव्हा मला शंभर रुपयांस फसवलेत, किंवा आज स्वतःला फसवत आहात. यांपैकी कोणते, ते कळवावे. आपला, य. सहस्रबुद्धे.’

ऋषीनं पत्र चार वेळा वाचलं. ‘आपला’ या शब्दावर तो थोडा रेंगाळला.

मग त्यानं स्पृहाला कोथरूडला, नेहमीच्या अमृततुल्यात बोलावलं. ती धायरीहून स्कूटरवर आली, हेल्मेट टेबलावर आपटलं आणि बसायच्या आधीच म्हणाली, “बोल. कोणाचं भलं झालंय?”

“तुझं. तुझ्या सहस्रबुद्ध्यांमुळे.”

“माझे?” स्पृहानं आलेला चहा पुढे ओढला. “माझे कुठले ते? मला लिहितात, ‘दुसऱ्या विक्रेत्याचा रंग अधिक सौम्य आहे.’ दुसरा विक्रेता. मी आठवडाभर शोधतेय ही कोण सटवी.”

“मीच.”

“सौम्य रंग तुझा?”

“शाई कमी लागते त्याला. छापणाऱ्याचा विचार करतो मी.”

“आणि पंच मारल्यावर त्याच्या सोमवारचा कोण करतो? पाहिलंय मी तुझं पान.”

हे लागलं. पण दुखायच्या आतच ऋषीला एक गोष्ट सुचली. “खरं सांग. तुझी गिऱ्हाईकं किती?”

स्पृहानं बशीतला चहा बघितला. “तुझी किती?”

“मी आधी विचारलं.”

“बरीच आहेत.”

“नावं सांग.”

“यज्ञेश्वर,” स्पृहा म्हणाली, “आणि सहस्रबुद्धे.”

ऋषीला खरंतर बरं वाटायला हवं होतं. स्पृहाचा धंदा धो धो चाललाय या कल्पनेनं त्यानं कित्येक दुपारी जाळल्या होत्या. पण बरं वाटलं नाही. उलट आता हेवा करायला जागा लहान झाली होती, त्यामुळे तो जास्त दाट बसला. आख्खा बाजार तिचा असता तर परवडलं असतं. पण होता तो एक माणूस, आणि तारे तिच्या पदरात.

“आपण दोघं भाव पाडत बसलो तर मरू,” स्पृहा म्हणाली. “दोघांचाही एकशे एकोणपन्नास. एक पैसा कमी नाही. कबूल?”

“आईची शपथ.”

“माझीही तुझ्याच आईची शपथ,” स्पृहा म्हणाली. स्वतःच्या आईला ती अशा गोष्टींत आणत नसे.

एका गिऱ्हाईकाविरुद्ध व्यापाऱ्यांनी एकी केल्याची ही बहुधा पुण्यातली सर्वांत लहान घटना. ही एकी घरी पोचेपर्यंत टिकली. जिना चढताना ऋषीच्या मनात आलं, की भाव तर एकशे एकोणपन्नासच ठेवायचा ठरलाय, कुपनाबद्दल कुणी काही बोललं नाही. त्यानं ‘स्नेह’ नावाचं कुपन बनवलं, पन्नास टक्के सूट, आणि ते फक्त सहस्रबुद्ध्यांना पाठवलं. सोबत डावीकडे ऐसपैस समास सोडलेलं नवं पान.

पत्राला उत्तर म्हणून आमंत्रण आलं. रविवारी सकाळी दहा वाजता, कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघात, कृपया वेळेवर.

ऋषी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. संघाची खोली बागेला लागून होती. आत कॅरम, वर्तमानपत्रं आणि एक जुना प्रिंटर, ज्यावर कुणीतरी प्लास्टिकचं कव्हर शिवून घातलं होतं. खुर्चीत आधीच स्पृहा बसली होती. साडी नेसून. ऋषीनं तिला कॉलेजच्या निरोप समारंभानंतर साडीत पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या पोटात पुन्हा वरण हललं.

सहस्रबुद्धे बुटके, गोरे, बुशशर्टातले निघाले. खिशाला पेन्सिल नव्हती. त्यांनी दोन्ही हात जोडले, दोघांना अंतर ठेवून बसायला सांगितलं आणि एक फाईल उघडली. फाईलला डावीकडे नीट पंच केलेलं होतं.

“आपण दोघांनी मला या महिन्यात कुपने पाठवलीत. एकाचं नाव ‘स्नेह’, दुसऱ्याचं ‘आपुलकी’. ‘आपुलकी’त दहा टक्के जास्त होते.”

ऋषीनं स्पृहाकडे पाहिलं. स्पृहा छताचा पंखा बघत होती. आपल्यापेक्षा दहा टक्के जास्त दगा देणं तिला जमलं, हेही त्याला खुपलं.

“काका,” तो म्हणाला, “आमची पानं तुम्ही रोज वापरता ना?”

“एकही वापरलेलं नाही.”

“मग घेता कशाला?”

“नमुना म्हणून.” सहस्रबुद्ध्यांनी चष्मा पुसला. “मी सरकारी कचेरीत खरेदी विभागात होतो. आख्खी नोकरी तिथेच. टाचणी घ्यायची तरी तीन ठिकाणचे नमुने, तीन कोटेशने. आमच्या संघाला औषधांचा महिन्याचा तक्ता हवा आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, डॉक्टरच्या तारखा, मोठं अक्षर. सभासद दीडशे. पण आपल्या फाईलींवर खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी.’ म्हणजे एक विकत घेऊन दीडशे छापता येत नाहीत.”

ती ओळ ऋषीनं दुसऱ्या कुणाच्या तरी पानावर पाहून टाकली होती. जगात कुणी ती वाचली असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“तेव्हा संघासाठी वर्षभराच्या परवान्याचं कोटेशन द्यावं. बंद पाकिटात, पुढच्या रविवारी. पण अडचण अशी, की कोटेशने तीन लागतात आणि विक्रेते दोनच आहेत. कित्येक महिने तिसरा शोधतोय. तिसरा नसेल तर पाकिटं उघडणार नाही. नियम आहे.”

“कोणाचा नियम?” स्पृहानं विचारलं.

“माझा,” सहस्रबुद्धे म्हणाले. “निवृत्तीनंतर तोच राहिलाय.”

बाहेर येऊन दोघं बागेच्या कठड्याशी उभे राहिले. स्पृहा म्हणाली, “आता तरी नीट वाग. दोघं तीन-तीन हजार लिहू. ज्याला मिळेल त्याला मिळेल.”

“तीन हजार. आणि तिसऱ्याचं मी बघतो.”

“तुझा तिसरा कोण?”

“आहे एक,” ऋषी म्हणाला, आणि मार्केट यार्डाची बस पकडली.

खोटं तिसरं कोटेशन कसं आणायचं, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागत नाही. ओळखीच्या माणसाकडून त्याच्या लेटरहेडवर अवाच्या सवा भाव लिहून आणायचा, म्हणजे आपला भाव शेजारी गरीब दिसतो. वैजनाथमामाकडे लेटरहेड होतं. वर गूळ, खाली जीएसटी क्रमांक.

मामा ढेपांवर रेलून बसला होता. ऋषीनं सगळं सांगितलं. मामानं मध्येच हात वर केला.

“कागद कोण देणार?”

“कागद नाही मामा. फाईल. छापणार ते.”

“शाई?”

“त्यांचीच.”

“मग तू काय देणार?”

“रचना.”

मामानं शेजारच्या गाळ्याकडे असं पाहिलं, जणू साक्षीदार हवा होता. “आणि गिऱ्हाईक किती म्हणालास?”

“एकच.”

“एक असून भाव पाडला? अरे, शंभर असले तर एकेकाकडून थोडं थोडं घ्यावं. एकच हाय तर त्यानंच सगळं भाडं भरायचं. नाही परवडलं तर तो नाही म्हणंल. तसाही तू काय खातोयस?”

“मामा, तुम्ही फक्त भरपूर लिहा. म्हणजे माझं स्वस्त दिसेल.”

“भरपूर लिहितो,” मामा म्हणाला, आणि लेटरहेडचं पॅड पुढे ओढलं. पण लिहिताना तो फार वेळ लावत होता. एकदा थांबून त्यानं विचारलं, “माल खराब निघाला तर?”

“फाईल खराब होत नाही, मामा.”

“तारीख चुकीची छापली तर? म्हाताऱ्यानं गोळी चुकीच्या वारी घेतली तर?”

मामानं मान हलवून आणखी काहीतरी लिहिलं आणि पाकीट डिंकानं बंद केलं.

आपलं पाकीट ऋषीनं घरी भरलं. तीन हजार लिहिलं. मग स्पृहाची साडी आठवली. ‘आपुलकी’ आठवली. पाच तारे आठवले. त्यानं तीन हजार खोडून नवा कागद घेतला आणि दोनशे नव्याण्णव लिहिलं. दीडशे म्हाताऱ्यांचं वर्ष, दोनशे नव्याण्णव.

रविवारी कॅरम थांबवून सगळे सभासद भोवती बसले. सहस्रबुद्ध्यांनी मामाचं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “तिसरं,” ते हळूच म्हणाले.

पहिलं पाकीट ऋषीचं. “दोनशे नव्याण्णव.”

स्पृहानं त्याच्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही. कीव केल्यासारखं.

दुसरं स्पृहाचं. सहस्रबुद्ध्यांनी कागद चष्म्याजवळ नेला. “एक रुपया.”

ऋषीची कानशिलं तापली. एक रुपया. हे आपल्याला का सुचलं नाही? सगळ्या आयुष्यात ही मुलगी सामोशाचा मोठा अर्धा घेत आली होती.

“तिसरं. वैजनाथ गूळ भांडार, मार्केट यार्ड. अठरा हजार.”

कुणीतरी खोकलं. ऋषी सुटकेनं मागे रेलला. मामानं सांगितल्याप्रमाणे भरपूर लिहिलं होतं. आता एक रुपया आणि दोनशे नव्याण्णव एवढीच लढाई उरली.

“पुढे लिहिलंय,” सहस्रबुद्धे वाचत राहिले. “‘माल नमुन्याप्रमाणे. नमुन्यात फरक निघाल्यास त्याच दिवशी बदलून मिळेल. तारीख चुकल्यास जबाबदारी आमची. अक्षर बारीक वाटल्यास मोठे करून मिळेल. भाव वर्षभर बांधील, तेजी-मंदी आमच्या अंगावर.’” त्यांनी कागद खाली ठेवला आणि सभासदांकडे पाहिलं. “दीडशे माणसं, वर्षाचे अठरा हजार. म्हणजे माणशी महिना दहा रुपये. दुसऱ्या चहाचे.”

“पण सगळ्यांत कमी माझं आहे,” स्पृहा म्हणाली.

“सर्वांत कमी दर स्वीकारणे बंधनकारक नाही. हेही नियमात आहे.” सहस्रबुद्ध्यांचा आवाज कडक नव्हता. “बाळ, एका रुपयात तू वर्षभर माझा फोन उचलशील? आणि या चिरंजीवांचा भाव महिनाभरात चारदा बदलला. सकाळी एक, दुपारी एक. उद्या तारखाही तशाच बदलल्या तर? मला रक्तदाबाची गोळी कुपनावर घ्यायची नाही.”

कंत्राट गूळ भांडाराला गेलं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. कॅरम पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी ऋषी गाळ्यावर पोचला तेव्हा मामा घामाघूम होता. “अरे, ते अठरा हजार द्यायला तयार झालेत! आता माल कुठून आणू? कोल्हापूरला फोन लावला, त्यांच्याकडे असलं काही नाही.”

“माझ्याकडे आहे मामा.”

“तुझा भाव काय?”

ऋषीच्या तोंडावर दोनशे नव्याण्णव आलं. सवयीनं. जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथे त्यानं ते दातांनी धरलं. समोर एकच गिऱ्हाईक होतं, ढेपेवर बसलेलं.

“नऊ हजार,” तो म्हणाला. “भाव वर्षभर बांधील. चूक निघाली तर त्याच दिवशी दुरुस्त.”

मामानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, ओल्या गुळाकडे बघावं तसं. “आता कुठं बोललास. पण नमुना लागतो. आणि नमुने दोन आलेत.”

आतून स्पृहा बाहेर आली. तिच्या हातात मामाची खास पाहुण्यांची, सोनेरी काठाची कपबशी होती. ऋषीला त्या कपात आजवर पाणीसुद्धा मिळालं नव्हतं.

“माझाही नऊच हजार,” ती गोड आवाजात म्हणाली. “बांधील.”

मामानं दोघांची पानं ढेपेवर शेजारी शेजारी ठेवली, गूळ तपासायची टोचणी उचलली आणि दोन्ही पानांना डावीकडे खुपसली. ऋषीच्या नव्या पानात सोमवार वाचला. स्पृहाच्यात पहिल्यापासूनच वाचायचा. मामानं डोकं खाजवलं. “चौकटी हिच्या, रंग तुझा. रंग सौम्य म्हणाला ना तो म्हातारा? साडेचार-साडेचार. दोघं इथंच बसा. फोन आला की उचलायचा.”

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून ऋषी गाळ्यावर बसायला लागला. ठरावाप्रमाणेच. फरक एवढाच, की दुकानाचा खर्च निघाला होता, आणि शेजारच्या स्टुलावर स्पृहा होती. माश्यांनी दोघांना सारखाच मान दिला. सहस्रबुद्धे दिवसातून दोनदा फोन करायचे. फोन कुणी उचलायचा यावरून रोज झोंबाझोंबी व्हायची.

पहिला तक्ता छापून वाटला गेला त्या संध्याकाळी ऋषीनं सवयीनं आपलं दुकान उघडलं. अभिप्राय नाही. स्पृहाचं उघडलं. तिथेही नवीन काही नव्हतं, आणि त्याला क्षणभर मनापासून बरं वाटलं.

“इकडे बघ,” स्पृहानं फोन पुढे केला. नकाशावर मार्केट यार्ड होतं, त्यात वैजनाथ गूळ भांडार. खाली पाच पिवळे तारे.

‘तक्ता उत्तम. रंग सौम्य. पंच करायला जागा आहे. गूळ अजून पाहिलेला नाही. य. सहस्रबुद्धे.’

दोघांनी एकाच वेळी ढेपेवर घोरणाऱ्या मामाकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या पोटात एकाच जागी दुखत होतं.